स्टेटमेंट आलं, प्रश्न नाही: मत देण्याआधी तीन खुणा करा



मध्यंतरी रोह्याहून एका ताईंचा व्हॉट्सॲप आला. बँकेच्या स्टेटमेंटची पीडीएफ, एप्रिल ते सप्टेंबर, अकरा पानं. वर नमस्कार नाही, खाली प्रश्न नाही. मी दोन तास वाट बघितली. वाटलं, मागून काहीतरी टाइप करून येईल. नाही आलं.

असं मला बऱ्याचदा येतं, आणि तुम्हालाही येत असेल. बचत गटात जरा हिशेब कळणारी बाई असली की बाकीच्या तिच्यापुढे पासबुक ठेवतात आणि गप्प बसतात. भाऊ धंदा करत असला तर तो म्हणतो, "बघ जरा." काय बघायचं ते सांगत नाही. बहुतेक वेळा त्यालाच ते माहीत नसतं. काहीतरी खटकतंय एवढंच कळलेलं असतं, आणि विचारायची लाजही वाटत असते.

अशा वेळी आपण काय करतो? शेवटच्या पानावरची शिल्लक बघतो आणि मत देऊन मोकळे होतो. "खर्च जास्त आहे." "धंदा बसतोय." "एखादं कर्ज काढा आणि भांडवल वाढवा." मी स्वतः हे केलंय, म्हणून आज स्पष्ट लिहितो. प्रश्नाशिवाय आलेल्या स्टेटमेंटवर पहिलं उत्तर मत असूच नये. पहिलं उत्तर म्हणजे ओळींची यादी. दर महिन्याला काय कापलं जातंय, दोनदा काय कापलं गेलंय आणि कशाचा खुलासा लागत नाही, या तीन खुणा आधी करायच्या. मग बोलायचं. ही यादी केल्यावर मत बदलतं आणि कधीकधी पूर्ण उलटं होतं, हे मी रोह्याच्या या ताईंच्याच उदाहरणावरून दाखवतो. त्यांना विचारूनच लिहितोय. ओळख पटू नये म्हणून रकमा आणि तारखा थोड्या बदलल्यात.

आधी धंदा समजून घ्या

ताई आणि त्यांचे मिस्टर धाटावच्या एमआयडीसीतल्या कामगारांना डबे पोचवतात. काही डब्यांचे पैसे रोजच्या रोज क्यूआर कोडवर येतात. मोठा भाग मात्र एका लेबर कंत्राटदाराकडून महिन्याला एकदम येतो. डबे पोचवायला छोटा टेम्पो घेतलाय, त्याचं फायनान्स कंपनीचं कर्ज आहे. सगळा व्यवहार ताईंच्या बचत खात्यातून चालतो. चालू खातं उघडलेलं नाही.

यातलं निम्मं मला स्टेटमेंटवरूनच कळलं आणि निम्मं दोन छोटे प्रश्न विचारून. पैसे कुठून येतात आणि कोणत्या तारखेला येतात, एवढंच विचारलं. "फायदा किती होतो?" हे विचारलं नाही. स्टेटमेंट फायदा दाखवत नाही. रोखीत घेतलेली भाजी त्यात नसते, आणि नवऱ्याच्या खात्यातून आलेले पाच हजार त्यात विक्रीसारखेच दिसतात. या कागदाकडून जेवढं मिळतं तेवढंच मागायचं.

पहिली खूण: दर महिन्याला जे कापलं जातं

बँकेच्या ॲपवरून स्टेटमेंट एक्सेलमध्ये मिळत असेल तर ते घ्या आणि खर्चाच्या रकान्याची रकमेप्रमाणे क्रमवारी लावा. तारखेप्रमाणे बघितलं तर ११८ रुपये सहा वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले असतात आणि नजरेत भरत नाहीत. रकमेप्रमाणे लावले की सहाही एकाखाली एक येऊन बसतात. एक्सेल जमत नसेल तर प्रिंट काढा आणि पेन्सिलने सारख्या रकमांना गोल करा. अकरा पानांना अर्धा तास पुरतो.

ताईंच्या स्टेटमेंटमध्ये गोल झालेल्या रकमा अशा होत्या. टेम्पोचा हप्ता ८,६४० रुपये. साउंडबॉक्सचं भाडं १४७ रुपये ५० पैसे, दर महिन्याला. आणखी एक ११८ रुपये, तेही दर महिन्याला. १९९ रुपये, दर महिन्याला, समोर एका पेमेंट गेटवेचं नाव आणि बाकी काही नाही. दर तीन महिन्यांनी १७ रुपये ७० पैसे. मेच्या शेवटी एकदाच ४३६ रुपये आणि २० रुपये.

ही यादी मी ताईंना जशीच्या तशी पाठवली आणि प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द लिहायला सांगितला. "माहीत", "आठवत नाही" किंवा "माझं नाही".

४३६ आणि २० पुढे त्यांनी "माहीत" लिहिलं. त्या पंतप्रधान जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजना. दोन्हींत दोन दोन लाखांचं संरक्षण, हप्ता वर्षातून एकदा आपोआप जातो. १४७.५० पण माहीत होतं. ११८ पुढे "आठवत नाही" आलं.

आम्ही फोनवर त्या कंपनीचं नाव वाचलं आणि ताईंना आठवलं. दुसऱ्या कंपनीचा एक मुलगा दारात आला होता. "ताई, हा ठेवून बघा, फुकट आहे," म्हणाला आणि मोबाइलवर काहीतरी मंजूर करून घेऊन गेला. तो दुसरा साउंडबॉक्स कपाटात पडून होता, चार्जिंगसुद्धा नव्हतं. भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला चालू. त्या मुलाला काय बोलायचं ते बोला, पण मंजुरी ताईंच्या बोटाने दिली गेली होती. म्हणून बँकेकडे तक्रार करून ते थांबणार नव्हतं. ज्या ॲपमधून परवानगी दिली त्या ॲपच्या ऑटोपे किंवा मँडेट विभागात जाऊन ती रद्द करायची, आणि बॉक्स परत करून पोच घ्यायची. पोच नाही घेतली तर उद्या "बॉक्स तुमच्याकडेच आहे" म्हणून पुन्हा मागणी येऊ शकते.

१९९ पुढे "माझं नाही" आलं. तरीही लगेच फ्रॉड म्हणायचं नाही. यूपीआय ऑटोपेमधून पैसे जाण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना आली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून आधी त्या तारखेच्या आदल्या दिवसाचे एसएमएस आणि ॲपच्या सूचना शोधायच्या. तिथे सापडलं. मुलाने आईच्या मोबाइलवर एक ॲप दोन रुपयांच्या चाचणीसाठी सुरू केलं होतं. चाचणी संपली आणि १९९ लागले. रद्द करायला दोन मिनिटं लागली.

आणि समजा सूचना सापडलीच नसती, घरातही कुणी ओळखलं नसतं, तर? मग घड्याळ बघायचं. आपण न केलेला व्यवहार बँकेला कळवायला वेळ लावला की आपली जबाबदारी वाढत जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तिसऱ्याच कुणाची असेल आणि आपण बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित भार येतो. त्यापुढे बँकेचं धोरण. म्हणून "माझं नाही" या ओळी सगळ्यात आधी निकाली काढायच्या, बाकीच्या थांबू शकतात.

दुसरी खूण: जोड्या

आता दोनदा गेलेले पैसे. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण जोडीसारखं दिसणारं सगळं जोडी नसतं. ताईंच्या जून महिन्यातल्या या चार ओळी बघा.

```
05-06  ACH D- ... FINANCE    8,640.00 Dr
05-06  ACH RETURN            8,640.00 Cr
06-06  ACH RTN CHG             295.00 Dr
10-06  ACH D- ... FINANCE    8,640.00 Dr
```

फक्त खर्चाचा रकाना बघितला तर जूनमध्ये हप्ता दोनदा गेला असं वाटतं. ताईंच्या मिस्टरांना तसंच वाटत होतं, आणि ते फायनान्स कंपनीशी भांडायला निघाले होते. पण जमेचा रकाना वाचा. पाच तारखेला हप्ता मागितला गेला, खात्यात पैसे नव्हते म्हणून त्याच दिवशी परत जमा दाखवला. दुसऱ्या दिवशी बँकेने परतीचा दंड लावला. दहा तारखेला कंपनीने पुन्हा मागितला आणि तेव्हा तो गेला. हप्ता एकच. दंड मात्र खरा. म्हणून नियम सोपा ठेवा. जोडी दिसली की आधी त्याच रकमेची जमा ओळ शोधायची, पुढचे पाच-सात दिवस नजर टाकायची, मग जोडी म्हणायची.

दुसरी जोडी वेगळी होती. १४ जूनला रोह्याच्या बाजारातल्या एका किराणा घाऊक दुकानदाराला ४,८५० रुपये दोनदा गेले, दोन मिनिटांच्या अंतराने. दोन्हींचे बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक वेगळे. परत जमा कुठेच नाही. दुकानात नेटवर्क अडकलं, ताईंनी पुन्हा स्कॅन केलं, हे त्यांना आठवलं.

इथे लोक थेट बँकेत जातात. पण संदर्भ क्रमांक वेगळे आहेत, दोन्ही व्यवहार ॲपमध्ये यशस्वी दिसतात, म्हणजे बँकेच्या दृष्टीने ही दोन वेगळी पेमेंटं आहेत. बँक दुकानदाराच्या खात्यातून परस्पर पैसे काढून देणार नाही. जायचं दुकानदाराकडे. ताई गेल्या, त्याने वही काढली आणि दाखवलं. ४,८५० ताईंच्या नावावर जमा धरलेले होते, जुलैच्या मालात वळते केलेले. पैसे बुडाले नव्हते, ताईंच्या लक्षातून मात्र गेले होते. दुसऱ्याची वही नीट होती म्हणून वाचलं, एवढंच.

व्यवहार अयशस्वी दाखवला, पैसे आपल्या खात्यातून गेले आणि समोरच्याला पोचलेच नाहीत, तर गोष्ट वेगळी. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये मुदती घालून दिल्यात. यूपीआयवर एका व्यक्तीच्या खात्यात पाठवलेले पैसे पुढच्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला केलेलं पण त्याला पोच न गेलेलं पेमेंट पाच दिवसांत, आपोआप परत यायला हवं. नाही आलं तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून बँकेत जाताना "पैसे दोनदा गेले" असं म्हणू नका. "अमुक संदर्भ क्रमांकाचा व्यवहार अयशस्वी झाला, मुदत अमुक तारखेला संपली" असं लिहून द्या.

तिसरी जोडी या स्टेटमेंटमध्ये नव्हतीच, आणि तीच मला सगळ्यात शिकवणारी वाटते. ४३६ ची ओळ बघून मी सहज विचारलं, "ताई, तुमचं अजून कुठल्या बँकेत खातं आहे का?" होतं. लग्नाआधीचं, माहेरचं. त्याचं पासबुक भरून आणायला सांगितलं तर त्यातही मेच्या शेवटी ४३६. जीवन ज्योतीचं संरक्षण माणशी एकच, दोन लाखांचं, खाती कितीही असोत. दुसऱ्या खात्यातून हप्ता गेला तरी दावा दुप्पट होत नाही, आणि योजनेच्या नियमाप्रमाणे तो जादा हप्ता जप्त होऊ शकतो. म्हणजे या जोडीतलं एक पान एका बँकेत आणि दुसरं दुसऱ्या बँकेत. एकच स्टेटमेंट कितीही वेळा वाचलं असतं तरी ती दिसली नसती. उपाय साधा आहे. एका बँकेत लेखी अर्ज द्यायचा की ऑटो डेबिट बंद करा, आणि चालू ठेवलेल्या खात्यात वारसाचं नाव बरोबर आहे ना ते त्याच वेळी बघायचं.

तिसरी खूण: ज्याचा खुलासा लागत नाही

उरलेल्या विचित्र रकमांसाठी माझी एक युक्ती आहे. रकमेला १.१८ ने भागा. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून भागाकार गोल आकडा आला तर ते शुल्क असण्याची शक्यता मोठी. २९५ भागिले १.१८ म्हणजे २५०. १७.७० म्हणजे १५, ते एसएमएसचं. २३६ म्हणजे २००, बहुतेक डेबिट कार्डाचं वार्षिक. ११८ म्हणजे १००. उलट ४३६ ला भागलं तर काही गोल येत नाही, कारण तो विम्याचा हप्ता आहे. ही युक्ती फक्त शंका घ्यायला आहे, पुरावा म्हणून नाही. पुरावा म्हणजे बँकेचं शुल्कपत्रक. ते बँकेच्या वेबसाइटवर असतं आणि शाखेत मागायचा तुम्हाला हक्क आहे.

खुलासा झाला की शुल्क चुकीचंच निघेल असं नाही. पेणच्या हमरापूर भागातल्या एका मूर्तिकार दादांचं उदाहरण घ्या. त्यांनी मला चालू खात्याचं पान पाठवलं होतं, तेही काही न विचारता. त्यात १,८८८ रुपयांची एक ओळ. भागिले १.१८, म्हणजे बरोबर १,६००. आता १,६०० कसले? त्या महिन्यात गणपतीच्या तोंडावर व्यापाऱ्यांनी रोख दिली आणि दादांनी सहा लाख खात्यात भरले. त्यांच्या खात्याला महिन्याला दोन लाख रोख फुकट भरता येत होती, वरच्या प्रत्येक हजाराला चार रुपये. चार लाखांचे सोळाशे. हिशेब चोख, बँकेची चूक काही नाही. पण पुढच्या वर्षी दादांनी दोन मोठ्या व्यापाऱ्यांकडून पैसे थेट खात्यावर मागून घेतले आणि तो आकडा आला नाही. काहीच भांडण न करता.

याच दादांच्या कागदावरून आणखी एक सांगतो. मूर्तीचा धंदा वर्षभर पैसे खातो आणि गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने पैसे देतो. ऑक्टोबर ते मार्चचं स्टेटमेंट बघून तुम्ही म्हणाल, हा माणूस बुडतोय. जुलै ते सप्टेंबरचं बघून म्हणाल, याला पैशाची काय कमी. म्हणून पेणच्या कारखान्याचं स्टेटमेंट बारा महिन्यांपेक्षा कमी असेल तर तीन खुणा जरूर करा, पण मत देऊ नका.

आता मत

परत रोह्याला येऊ. सहा महिन्यांत हप्ता चार वेळा परत गेला होता. पहिल्या नजरेला माझंही मत तयार झालं होतं की टेम्पो झेपत नाहीये. पण गोल केलेल्या ओळींपुढे तारखा लिहिल्यावर चित्र बदललं. हप्ता पाच तारखेला. कंत्राटदाराचे पैसे चार महिने आठ ते दहा तारखेच्या दरम्यान आले, दोन महिने चार तारखेला आले. ज्या दोन महिन्यांत चार तारखेला आले, त्या दोन्ही महिन्यांत हप्ता व्यवस्थित गेला. उरलेल्या चारही वेळा परत गेला. टेम्पो झेपत होता, फक्त तारखा जुळत नव्हत्या.

आणि परत गेलेल्या हप्त्याचा दंड दोन ठिकाणी लागतो, हे ध्यानात ठेवा. बँकेचे २९५ स्टेटमेंटमध्ये दिसतात. फायनान्स कंपनीचा दंड तिथे दिसत नाही, तो कर्जखात्याच्या उताऱ्यात असतो. ताईंनी तो मागवला. दर वेळचे ५०० रुपये तिथे साचत होते.

बेरीज करू. बँकेचा दंड चार वेळा, १,१८०. कंपनीचा दंड चार वेळा, २,०००. कपाटातला साउंडबॉक्स सहा महिने, ७०८. मुलाचं ॲप, १,१९४. दुसरा विमा हप्ता, ४३६. एकूण ५,५१८ रुपये. ताई म्हणतात त्यांना एका डब्यामागे आठ रुपये सुटतात. म्हणजे जवळपास ६९० डबे त्यांनी या ओळींसाठी रांधले. एसएमएसचे १७.७० मी या बेरजेत धरले नाहीत. ते रास्त आहेत, त्यावर वेळ घालवायचा नाही.

ही यादी गेल्यावर तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला आणि तेव्हा कुठे प्रश्न बाहेर पडला. त्यांना दुसरा टेम्पो घ्यायचा होता. मुद्रा कर्जासाठी शाखेत गेल्या तर साहेब स्टेटमेंट चाळून म्हणाले, "हे असं असेल तर अवघड आहे." कशामुळे अवघड, ते सांगितलं नाही. ताईंनाही विचारवलं नाही. म्हणून त्यांनी ते स्टेटमेंट मला पाठवलं, न बोलता.

पहिल्याच दिवशी मी "खर्च कमी करा" म्हटलं असतं तर त्यांनी डब्यातली भाजी कमी केली असती. "झेपत नाही" म्हटलं असतं तर चालता टेम्पो विकला असता. दोन्ही वेळा हप्ता पाच तारखेलाच परत गेला असता.

माझं मत मी यादीनंतर दिलं, ते असं. दुसऱ्या कर्जाचा अर्ज आत्ता करू नका. आधी फायनान्स कंपनीला लेखी विचारा की हप्त्याची तारीख बारा करता येईल का. काही कंपन्या करतात, त्याचं शुल्क आणि नवीन मँडेट लागतं. करत नसतील तर कंत्राटदाराचे पैसे येतात त्याच दिवशी पुढच्या हप्त्याचे ८,६४० बाजूला काढा आणि चार तारखेला या खात्यात असतील असं बघा. मँडेट रद्द करायचा विचार मात्र मनात आणू नका, त्याने दंड थांबत नाही, थकबाकी सुरू होते. असे सहा महिने एकही परतीची ओळ न येता गेले की तेच स्टेटमेंट घेऊन शाखेत जा. कर्ज देणारा सगळ्यात आधी परतीच्याच ओळी शोधतो.

काही जण म्हणतील, एवढं बारीक कशाला बघायचं, बँकेवर विश्वास ठेवायचा. पेणमध्ये हे कुणी म्हणणार नाही. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि किती घरांची ठेव अडकली, ते तिथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण त्यानंतरही मी बघतो, बँक बुडेल का याची चर्चा नाक्यावर होते आणि स्वतःच्या स्टेटमेंटची पीडीएफ न उघडता पडून राहते. संशय घेणं आणि वाचणं या दोन वेगळ्या सवयी आहेत. रोह्याचं नाव ज्यांच्यामुळे देशभर गेलं ते चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच बँकेचे नियम आज तुमच्या शंभर रुपये रोजच्या भरपाईबद्दल बोलतात. पण ते नियम तुम्ही ओळ दाखवल्याशिवाय कामाला लागत नाहीत.

ओळ दाखवायची म्हणजे लेखी. तारीख, रक्कम, संदर्भ क्रमांक आणि एक वाक्य, "हे शुल्क शुल्कपत्रकातल्या कोणत्या कलमाखाली लावलं ते कळवावं." अर्जाची पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. खातं पतसंस्थेत असेल तर हा रस्ता नाही. तिथे सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावं लागतं.

आणि शेवटचं, स्टेटमेंट पाठवणाऱ्यांसाठी. गटावर टाकू नका, एकाच माणसाला पाठवा. त्यात तुमच्याच नाही, तुमच्या गिऱ्हाइकांच्या नावांची आणि यूपीआय आयडींची पण यादी असते. खाते क्रमांकाचे मधले आकडे झाका. ओटीपी, पिन कुणी मागितला तर तो माणूस स्टेटमेंट वाचणारा नाही, हे समजा. आणि प्रश्न सुचत नसेल तर लाजू नका, नुसतं एवढं लिहा, "यातलं मला काय कळत नाहीये ते शोधून द्या." तोही प्रश्नच आहे.

ताईंचे तीन महिने झालेत. अजून परतीची ओळ आलेली नाही. तीन राहिलेत. सहा झाले की पुढचा व्हिडिओ त्या कागदावर करू, त्यांनी परवानगी दिली तर.